ताबा आहे, पट्टा नाही. पट्टा आहे, मालकी नाही



मेळघाटात कुठंही बैठक घ्या, एक वाक्य ऐकू येतंच, "वावर आमचं, आजाच्या काळापासून वाहतो." त्यावर नाकेदार म्हणतो, "जमीन सरकारची." दोघंही खरं बोलत असू शकतात. आपण ताब्याचं बोलतो, तो मालकीचं बोलतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पट्टा ही तिसरी.

२००६ च्या वनहक्क कायद्याचा पट्टा मिळाला म्हणजे आपण मालक झालो, असं नाही. ते वावर विकता येत नाही. पण कसता येतं, पोराबाळांकडे जातं, आणि नवरा-बायको दोघांचंही नाव त्यावर लागतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पट्टा हक्क जन्माला घालत नाही, असलेला हक्क कबूल करतो. त्याचा पाया ताबाच आहे, तोही १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा.

मग ताबा म्हणजे काय? समजा, एका घराचं पाच एकर वावर आहे. तीन एकरात तूर उभी आहे. दोन एकर यंदा पडीत राहिलं, कारण कर्ता माणूस बाहेरगावी कामाला गेला होता. मोजणीवाल्यांनी तीनच एकर मांडलं. त्यांनी पीक म्हणजेच ताबा असं धरलं. पण ताब्याला दोन गोष्टी लागतात: जमीन आपल्या हाताखाली असणं, आणि ती सोडायचं मनात नसणं. कामाला गेलेल्या माणसानं वावर सोडलेलं नाही. त्याचा धुरा, कुंपण, विहीर तिथंच आहे. घरात बसला तरी ताबा त्याचाच. पण वर्षानुवर्षं धुरा मोडून पडला, दुसराच वाहू लागला अन् आपण बोललोच नाही, तर ताबा गेला असंच म्हणतील.

बटईचं वेगळं. बटईदार नांगर धरतो, पण मालकाच्या नावानं. तो ताबा दुसऱ्यासाठी धरलेला असतो. वनजमिनीत मात्र कायदा स्वतः कसणं मागतो, म्हणून दावा चालू असताना वावर बटईनं देऊ नका.

आमचं सांगणं एवढंच. वनहक्क समिती पाहणीला येईल त्या दिवशी घरचं माणूस वावरात हजर पाहिजे. पडीत तुकड्याचा धुरा, विहीर, जुनं घर पंचनाम्यात लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसाचा जबाब जोडा, तोही पुरावा आहे. एकाच पुराव्यावर राहू नका. ग्रामसभेच्या ठरावात क्षेत्र कमी लागलं तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो. आणि दाव्याची तपासणी पुरी होईस्तोवर कोणी वावरातून उठवायला आलं, तर कायदा त्याला तसं करू देत नाही, हे तोंडावर सांगा.