ढेकूण की डास?

भंडारा हा तलावांचा व भातशेतीचा जिल्हा. त्यामुळे सकाळी दंडांवर, पाठीवर लाल, खाजणाऱ्या गांधी दिसल्या की दोष डासांनाच दिला जातो. परगावच्या लग्नाहून परतलेल्या तुमसरच्या एका कुटुंबातही तसेच झाले. मच्छरदाणी चारही बाजूंनी नीट खोचली, तरी पाठीवर तीन-चार गांधींची रांग उठलीच. अशा वेळी संशय ढेकणांकडे वळवावा.

डासाचे दंश विखुरलेले असतात व लगेच खाजतात. ढेकणाचे बहुधा रांगेने किंवा पुंजक्याने उठतात, कधी काही दिवसांनी दिसतात. तथापि केवळ गांधींवरून निवाडा करू नये. एकाच अंथरुणात निजणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर काहीच उठत नाही, असेही घडते. खरा पुरावा गादीच्या शिवणीत व पलंगाच्या सांध्यांत सापडतो. तेथील काळे ठिपके ओल्या फडक्याने पुसता तांबूस डाग पसरला, तर ती बहुधा ढेकणांची विष्ठा समजावी. सोबत टाकलेली कात किंवा सफरचंदाच्या बीएवढा चपटा, तपकिरी कीटक दिसला की शंका उरत नाही.

या कुटुंबाला तो प्रथम आढळला प्रवासी बॅगेच्या शिवणीत.