राखीव दिवस सगळ्यांचे मिळून ठेवा

शाळेचा वार्षिकांक काढायचाय असं समजा. लेख जमवणं, टायपिंग, मुद्रितशोधन, छपाई ही एकामागून एक चार कामं. प्रत्येक जण ५ दिवसांच्या कामाला १० सांगतो, झाले ४०. पण हाताशी १० दिवस असले की सुरुवातच उशिरा होते, वाचलेले दिवस पुढच्याला मिळत नाहीत.

गोल्डरॅट यांची ‘क्रिटिकल चेन’ पद्धत मला म्हणूनच पटते. प्रत्येकाला ५ दिवस द्या; कापलेल्या २० पैकी निम्मे, म्हणजे १०, शेवटी सामायिक राखीव ठेवा. अंक ३० दिवसांत निघेल. पाव काम होताना निम्मे राखीव दिवस संपले, तर लगेच मदतीला जा. मात्र ५ चे ७ झाले म्हणून रागावू नका. नाहीतर पुढच्या वर्षी तो पुन्हा १०च सांगेल!