सोळा सेंटिमीटर कुठून मोजायचे?

शालेय टेबल टेनिस स्पर्धांचा हंगाम आला की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या क्रीडाशिक्षकांची पत्रे येतात. यंदाच्या पत्रांत तक्रार एकच आहे. जिल्हास्तरावर आमच्या मुलांची सर्व्हिस कोणी अडवली नाही, आणि विभागीय स्पर्धेत पहिल्याच गेममध्ये पंचांनी फॉल्टवर फॉल्ट दिले. काहींनी पंचांवर आकसाचा आरोपही केला आहे. ही पत्रे आम्ही छापत नाही, कारण मुलांचे नुकसान विभागीय पंचांनी केलेले नाही. ते जिल्ह्याच्या टेबलावर, फॉल्ट न देणाऱ्यांनी केले आहे.

सर्वाधिक फॉल्ट टॉसवर पडतात. नियम सांगतो, चेंडू तळहातावरून सुटल्यानंतर किमान १६ सेंटिमीटर वर गेला पाहिजे. पुष्कळ मुले हात कमरेपासून छातीपर्यंत नेतात, चेंडू तिथे हातातून सुटतो आणि जेमतेम बोटभर वर जातो. प्रशिक्षकाला वाटते, चेंडू कमरेपासून छातीच्या वर गेला, म्हणजे टॉस भरपूर झाला. पंच मात्र चेंडू हातातून सुटला तिथून मोजतो. त्याच्या समोर १५.२५ सेंटिमीटरचे नेट असते, त्यामुळे नेटच्या उंचीपेक्षा किंचित जास्त म्हणजे किती, हे त्याच्या डोळ्यांत बसलेले असते.

याची तपासणी कोणत्याही शाळेत होऊ शकते. मोबाइल टेबलाच्या बाजूला, चेंडूच्या उंचीवर धरा आणि सर्व्हिस चित्रित करा. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर असतो. तळहातावरून सुटतानाची चेंडूची खालची कड आणि सर्वांत वर पोचल्यावरची खालची कड, यांत चार चेंडू मावले पाहिजेत. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या मोबाइलवर १६ सेंटिमीटर चढायला पाच ते सहा चित्रे लागतात. चारच चित्रांत चेंडू माथ्यावर पोचला असेल, तर टॉस जवळपास नऊ सेंटिमीटरचाच आहे. चेंडू उतरायला लागण्याआधीच रॅकेट लागली, तर तो वेगळा फॉल्ट आहे, आणि तोही याच चित्रणात दिसतो.

टॉस तिरपा असेल तर उंची कितीही असो, फॉल्टच. एके काळी उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंतचा टॉस चालत असे. आता चेंडू जवळजवळ सरळ वर जावा लागतो, काही अंशांचाच फरक खपतो. जुन्या सवयीचे प्रशिक्षक अजून चेंडू अंगाकडे ओढून टाकायला शिकवतात, त्यांनी हे आता थांबवावे. चेंडू बोटांत धरणे किंवा हात स्थिर न करता हलत्या हातानेच टॉस टाकणे, हेही तसेच. तळहात उघडा, हात थांबलेला आणि चेंडू टेबलाच्या पातळीच्या वर. टेबल ७६ सेंटिमीटर उंच असते, त्यामुळे लहान गटातल्या मुलांचा हात सहज खाली राहतो. त्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे लागते.

दडवलेल्या सर्व्हिसचा प्रश्न अधिक अवघड आहे. १ सप्टेंबर २००२ पासून सर्व्हिस करणाऱ्याने किंवा दुहेरीतल्या जोडीदाराने चेंडू अंगाने अथवा कपड्याने प्रतिस्पर्ध्यापासून झाकता कामा नये. टॉस सुटताच मोकळा हात चेंडू आणि नेट यांच्यामधल्या जागेतून बाजूला घ्यावा लागतो. आपल्याकडे उजव्या हाताचा मुलगा बॅकहँडच्या कोपऱ्यातून, डावा खांदा नेटकडे करून फोरहँड सर्व्हिस करतो. चेंडू उतरत असताना त्याचा डावा हात तिथेच राहतो किंवा खांदा पुढे वळतो, आणि रॅकेट चेंडूला लागण्याचा नेमका क्षण झाकला जातो. स्पिन बॅक आहे की साइड, हे समोरच्याला कळत नाही.

अडचण अशी की नियम प्रतिस्पर्ध्याच्या नजरेचा आहे आणि निर्णय नेटच्या रेषेत बसलेल्या पंचाचा. खेळाडूच्या डाव्या बाजूला बसलेल्या पंचाला त्याची पाठ आणि खांदा दिसतो, चेंडू दिसेलच असे नाही. म्हणूनच समोरच्या बाजूला सहायक पंच असतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात एका टेबलावर एकच माणूस गुण मोजत बसतो, कधी तो आधीच्या सामन्यात हरलेला विद्यार्थी असतो. स्पर्धेच्या सूचनापत्रकात ‘सामने प्रचलित नियमांनुसार’ असे छापायचे आणि नियम बघायला कोणी ठेवायचे नाही, हा प्रकार आम्हाला मान्य नाही.

पंचांचाही एक मोठा गैरसमज आहे. अनेकांना वाटते, प्रत्येक प्रकारच्या चुकीला आधी ताकीद आणि मग फॉल्ट. नियम तसा नाही. सर्व्हिस नियमात आहे की नाही याची शंका आली, तर सामन्यात पहिल्यांदा खेळ थांबवून ताकीद देता येते आणि ती रॅली लेट धरली जाते. त्यानंतर त्या खेळाडूची किंवा त्याच्या जोडीदाराची जी सर्व्हिस स्पष्टपणे नियमात नसेल, ती चूकच. पण चूक उघड असेल, तर पहिल्याच सर्व्हिसवर गुण प्रतिस्पर्ध्याला जातो, ताकीद आवश्यक नसते.

समजा दुहेरीत २-१ अशा गुणसंख्येवर पहिल्या खेळाडूच्या टॉसची शंका आली आणि पंचाने ताकीद दिली. पुढे ७-७ वर जोडीदाराने खांद्याआड चेंडू झाकला असे वाटते, खात्री नाही. पुन्हा ताकीद द्यायची नाही, फॉल्ट द्यायचा. कारण सर्व्हिस नियमात आहे हे पंचाला दिसेल अशी करणे ही खेळाडूची जबाबदारी आहे. टॉस किती उंच गेला, या वस्तुस्थितीच्या निर्णयावर दाद मागता येत नाही. मात्र ‘ताकीद नव्हती म्हणून फॉल्ट नाही’ असे पंच म्हणाला, तर तो नियमाच्या अर्थाचा प्रश्न आहे. अशा वेळी रेफरीकडे जा.

आकसाचा आरोप करणाऱ्यांनी लंडन ऑलिम्पिक आठवावे. २०१२च्या महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात चीनच्या डिंग निंगला इटलीच्या पंच पावला बोंजेली यांनी सर्व्हिस फॉल्ट दिले. प्रेक्षकांसमोर तिला अश्रू आवरले नाहीत आणि ली शियाओशियाने सामना ४-१ ने जिंकला. ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यातही पंच फॉल्ट देतात. पुढे २०१६ मध्ये रिओला डिंगने अंतिम फेरीत त्याच लीला ४-३ ने हरवून सुवर्ण मिळवले.

हिंगोली जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या सगळ्या प्रशिक्षकांना आमचे सांगणे आहे की पुढच्या तालुकास्तरीय सामन्यांआधी तुमच्या प्रत्येक खेळाडूची सर्व्हिस बाजूने आणि समोरून, दोन्हीकडून चित्रित करा. समोरच्या चित्रणात रॅकेट लागतानाचा चेंडू दिसत नसेल, तर ती सर्व्हिस आजपासून बंद करा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना विनंती आहे की निदान उपांत्य फेरीपासून प्रत्येक टेबलाला पंच आणि सहायक पंच असे दोघे द्यावेत आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांना टेबलाजवळ बसवून सर्व्हिसचे नियम समजावून सांगावेत. एवढे झाले, तर विभागीय स्पर्धेत पहिल्यांदा फॉल्ट ऐकून रडवेले होणारे मूल या जिल्ह्यातून जाणार नाही.