पाय चार्ट बघून मी वह्यांचा जादा माल भरला

महिन्यांची तुलना पाय चार्टवर करू नका, असं मी व्हिडिओत सारखं सांगतो. त्याचं कारण माझंच दुकान आहे. जूनची विक्री २ लाख, त्यात वह्या ८० हजारांच्या, म्हणजे ४० टक्के. जुलैत वह्या ५० टक्के. फाक मोठी दिसली, मी खूश होऊन माल भरला. पण जुलैची एकूण विक्रीच १ लाख ४० हजार होती, म्हणजे वह्या ७० हजारांवर आल्या होत्या!

पाय फक्त त्या महिन्यातला वाटा दाखवतो. विक्री चढतेय की उतरतेय, हे बघायला लाईन चार्टच घ्या. वह्या आणि पेनांची तुलना करायची तर बार चार्ट. फक्त त्याचा अक्ष शून्यापासून सुरू करा. ६० हजारांपासून केलात तर ८० हजारांचा बार ७० हजारांच्या दुप्पट दिसतो.