श्रामणेर शिबिराविषयी पालकांस पत्र

मान्यवर पालकहो,


येत्या दिवाळीच्या सुटीत इयत्ता नववीपासून पुढच्या मुलांसाठी दहा दिवसांचे श्रामणेर शिबीर घेण्याचे आम्ही ठरविले आहे. मुंडन, चीवर, दशशील आणि मध्यान्हानंतर भोजन नाही, हे ऐकून आपणांपैकी अनेकजण अस्वस्थ झाले आहेत. मुलगा पुढे संसारात परतेल की नाही, त्याची उपासमार तर होणार नाही, आणि बाबासाहेबांनी सोडविलेली कर्मकांडे आम्ही पुन्हा आणतो आहोत काय, असे आपले प्रश्न आहेत. ते रास्त आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकातच आहे. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदन भगवंतांकडे गेले. आधी सिद्धार्थ गेला, मग नंद गेला, आता नातूही गेला, हे दुःख त्यांनी बोलून दाखविले आणि आई-वडिलांच्या अनुज्ञेवाचून कोणाच्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती केली. भगवंतांनी तसा नियमच केला. एका पित्याच्या वेदनेतून आलेला हा नियम आम्हांवरही बंधनकारक आहे. म्हणून अनुमतिपत्रावर माता आणि पिता या दोघांचीही स्वाक्षरी लागेल; पालकांची संमती आहे पण मुलाची इच्छा नाही, अशा वेळीही आम्ही त्याला घेणार नाही. शिवाय वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी उपसंपदा होत नाही, म्हणजे आपला मुलगा या शिबिरात भिक्खू होऊच शकत नाही. श्रामणेराला परतण्यासाठी संघाची परवानगीही लागत नाही. दहाव्या दिवशी तो चीवर उतरवील, पंचशील ग्रहण करील आणि घरी येईल. मधल्या कोणत्याही दिवशी मन लागले नाही तर त्याच दिवशी येईल. त्यात कमीपणा नाही.

कर्मकांडाची शंका आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. विकालभोजनाचा त्याग हा उपवास नव्हे. पोट रिकामे ठेवून पुण्य मिळते असे धम्म सांगत नाही. या नियमाचे कारण मज्झिम निकायात उदायी स्थविरांच्या तोंडून येते. पूर्वी भिक्खू रात्रीच्या अंधारातही भिक्षेला जात. कोणी डबक्यात पडे, कोणाची चोरांशी गाठ पडे. एकदा वीज चमकली तेव्हा भांडे घासणाऱ्या एका स्त्रीला दारात भिक्खू दिसला आणि भूत समजून ती किंचाळली. खाण्याच्या ओढीने स्वतःला धोका आणि गावाला त्रास, हा प्रकार नियमाने थांबला. मुलांना आम्ही नियमाआधी ही कथा सांगणार आहोत.

आता प्रत्यक्ष भोजनाविषयी. सकाळी उजाडल्यावर नाश्ता आणि अकरा वाजता पोटभर वरण, भात, भाजी, पोळी. त्यानंतर जेवण नाही. मात्र पाणी, लिंबूसरबत, गुळाचे पाणी यांना मनाई नाही. पहिले दोन दिवस संध्याकाळी भूक लागते, डोके जड होते. मग बहुधा शरीर रुळते. आपण मात्र भेटीला येताना फरसाणाचा पुडा आणू नये. दहावे शील पैसे न स्वीकारण्याचे आहे, तेव्हा खाऊसाठी मुलाच्या हाती नोटही देऊ नये.

आपल्या विदर्भात एक काळजी विशेष घ्यावी लागते, ती सिकलसेलची. शरीरातील पाणी कमी झाले किंवा थंडी बाधली की अशा रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून ज्यांच्या तपासणीत ‘एसएस’ नमुना आहे, त्या मुलांना श्रामणेर दीक्षा देणार नाही. त्यांनी नेहमीचे भोजन घेत, पंचशील पाळत ध्यान आणि प्रवचनास बसावे. ‘एएस’ म्हणजे केवळ वाहक असलेल्या मुलांना सहसा त्रास होत नाही, तरी त्यांच्या पाणी पिण्याकडे आमचे लक्ष राहील. पहाटेचे स्नान सर्वांनाच गरम पाण्याने. लघवी गडद होणे, हातपाय किंवा छाती दुखणे, ताप येणे, यांपैकी काहीही दिसले तर शील बाजूला ठेवून मुलाला आधी दवाखान्यात नेले जाईल आणि आपणांस कळविले जाईल. तपासणीचा कागद अनुमतिपत्रासोबत जोडावा.

मुलींसाठी या वर्षी फक्त अष्टशीलाचे शिबीर आहे. हा भेद आम्हांस रुचत नाही. भिक्खुणींचे मार्गदर्शन मिळाले की श्रामणेरी शिबीरही घेऊ.

एका मातेने विचारले, आपल्याच लेकराच्या पाया पडायचे कसे? वंदन चीवराला असते, व्यक्तीला नव्हे. तरीही मन घेत नसेल तर हात जोडून उभे राहिलात तरी चालेल. मुंडनाच्या वेळी मात्र अवश्य या. कापलेले केस आईने पदरात झेलण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि त्यासाठी पहिल्या दिवशी सकाळी आठपासून वसतिगृहाच्या अंगणात आपणांस बसण्याची सोय केली आहे.

आपले,
वसतिगृहातील शिक्षक