डोमिसाइल आहे, पण दहावी कुठे झाली?

पालकहो, ‘आमच्याकडे डोमिसाइल आहे, म्हणजे राज्याच्या कोट्याचं काम झालं’ असं वाक्य दरवर्षी ऐकायला मिळतं. इंजिनिअरिंगपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. एमबीबीएसच्या बाबतीत मात्र ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं बहुतेकांना बारावीनंतर कळतं. तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

नीटनंतर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि ८५ टक्के राज्याकडे राहतात. महाराष्ट्रात या ८५ टक्क्यांसाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: अधिवास प्रमाणपत्र, दहावी महाराष्ट्रातल्या शाळेतून आणि बारावी महाराष्ट्रातल्या महाविद्यालयातून. इथे बोर्ड कोणतं हे बघत नाहीत, शाळा कुठे आहे हे बघतात. नाशिकमधल्या सीबीएसई शाळेतली दहावी चालते. हैदराबादमधल्या शाळेतली चालत नाही, मग मुलगी मूळची सोलापूरची का असेना.

सोलापूरचंच उदाहरण घेऊ. मुलगी तिथेच जन्मली आणि नववीपर्यंत तिथेच शिकली. वडील खासगी कंपनीत आहेत. त्यांची हैदराबादला बदली झाली म्हणून दहावी तिकडे झाली. पुढच्या वर्षी कुटुंब परत आलं आणि अकरावी-बारावी लातूरला झाली. तहसीलदारांकडून डोमिसाइलही मिळालं. इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत ती ‘टाइप ए’मध्ये बसत नाही, कारण त्यात दहावी आणि बारावी दोन्ही इथली लागतात. पण तिचं स्वतःचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं डोमिसाइल असेल तर ‘टाइप बी’मधून ती महाराष्ट्राचीच उमेदवार ठरते. एमबीबीएसला ही दुसरी वाट नाही. तिथे राज्याचा ८५ टक्के कोटा तिच्यासाठी बंद होतो आणि ती १५ टक्क्यांत देशभरातल्या मुलांशी स्पर्धा करते. बरं, तेलंगणातही ती स्थानिक ठरत नाही, कारण तिथे बारावीपर्यंतची सलग ४ वर्षं मोजतात. म्हणजे हे घर ना इकडचं ना तिकडचं!

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत असते आणि बदली होऊन महाराष्ट्रात रुजू झाले असते, तर बाहेरची दहावी नियमातल्या सवलतीत बसू शकली असती. खासगी नोकरीवाल्याला ही सवलत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयांत राज्यातल्या मुलांना प्राधान्य असावं, याला माझा विरोध नाही. दहावीची अट काढली तर बाहेरची मुलं दोन वर्षांसाठी लातूरला येऊन जागा घेतील, असं म्हणतात. पण डोमिसाइलला साधारण १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. दोन वर्षांसाठी आलेला मुलगा तिथेच अडकतो. मग दहावीची अट अडवते कुणाला? तर मुख्यतः अशाच, मधलं एक वर्ष बाहेर राहिलेल्या आपल्या मुलांना. डोमिसाइल आणि बारावी दोन्ही इथली असतील, तर खासगी नोकरीतल्या बदलीलाही सरकारी बदलीसारखी सवलत मिळायला हवी.

नियम बदलेपर्यंत तो आहे तसाच पाळावा लागणार. म्हणून हा विषय आठवी-नववीच्या पालकसभेत काढायला हवा. बदली होणार असेल तर आई आणि मूल वर्षभर मागे राहू शकतात का, हे तेव्हाच ठरवता येतं. कोट्याला जाणाऱ्यांनाही हेच सांगायचं. क्लास कोटा शहरात आणि बारावीही राजस्थानातल्या शाळेतून, असं झालं की राज्याचा कोटा हातचा गेला.

आता कागदांचं. सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून जे मिळतं त्याचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असं आहे. ओळख आणि पत्ता दाखवणं सोपं असतं. अडतं ते १५ वर्षांच्या वास्तव्याच्या पुराव्यावर, विशेषतः भाड्याच्या घरांत राहिलेल्यांचं. दर ११ महिन्यांनी करार बदललेला, वीजबिल घरमालकाच्या नावावर. अशा वेळी मुलाच्या शाळेच्या नोंदी कामाला येतात. म्हणून शिक्षकमित्रहो, बोनाफाइड देताना नुसतं ‘या शाळेचा विद्यार्थी आहे’ असं लिहून सही करू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या इयत्तांत, हे लिहा. दाखल्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात गावाबरोबर तालुका, जिल्हा आणि राज्यही असू द्या. इंजिनिअरिंगच्या ‘टाइप ए’ला डोमिसाइल नसेल तर महाराष्ट्रात जन्म झाल्याचा पुरावाही चालतो, आणि तो बऱ्याचदा याच रकान्यातून निघतो. नुसतं ‘पिंपळगाव’ लिहिलेलं असेल तर ते कुठल्या राज्यातलं, हे तपासणाऱ्याने कसं ओळखायचं?

नावाचं स्पेलिंगही दहावीचा फॉर्म भरतानाच बघून घ्या. गुणपत्रिका छापून आल्यावर ते बदलायचं म्हणजे शाळेमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि प्रवेशफेरीच्या तारखा त्यासाठी थांबत नाहीत.