तीनशे डीपीआय मागू नका
छापखान्याच्या दारातून : मुद्राराक्षस

श्रावणाच्या आसपास दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांतून लेखकांना मेल जायला लागतात. मजकुराची मुदत, शब्दमर्यादा, युनिकोडचा आग्रह हे सगळं झालं की शेवटी फोटोंविषयी एक ओळ हमखास येते : छायाचित्रं ३०० डीपीआय, सीएमवायके, टिफ स्वरूपातच पाठवावीत. वर्षानुवर्षं ही ओळ जशीच्या तशी एका मेलमधून दुसऱ्या मेलमध्ये उतरत आली आहे. माझं म्हणणं, ती आता काढून टाकावी. तिच्यातली एकही मागणी लेखकाकडे करण्याची नाही. उलट ती पाळायला निघालेला भला माणूस हातातला चांगला फोटो बिघडवून पाठवतो.

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याचं उदाहरण घेऊ. तिथल्या एमआयडीसीत रेमंड यूको डेनिमची गिरणी आहे आणि भोवती कापसाचा मुलूख. समजा, एका लेखकाने ‘बोंड ते जीन्स’ असा लेख दिवाळी अंकाला कबूल केला. सोबत दोन फोटो आहेत : दुपारच्या उन्हात फुटलेलं कापसाचं शेत आणि निळ्या डेनिमचं कापड. दोन्ही मोबाइलवर काढलेले, प्रत्येकी ३००० बाय ४००० पिक्सल, म्हणजे १२ मेगापिक्सल. अंकाचं पान साडेआठ बाय अकरा इंची आणि फोटोविभाग आर्टपेपरवर.

मेल वाचून लेखक फाइलची माहिती उघडतो. तिथे ७२ डीपीआय लिहिलेलं दिसतं आणि त्याच्या पोटात गोळा येतो. खरं तर हा आकडा फाइलला चिकटवलेली चिठ्ठी आहे. फोटो किती इंचांत छापायचा हे ठरेपर्यंत दर इंचाला किती पिक्सल पडणार हे कुणालाच सांगता येत नाही. फाइलमध्ये खरोखर असतात ते पिक्सल. तेव्हा भागाकार करून पाहू. पानभर फोटो कडेपर्यंत छापायचा तर कटिंगसाठी चारही बाजूंनी पाव इंचाच्या निम्मं ब्लीड सोडावं लागतं. रुंदी झाली पावणेनऊ इंच. ३००० पिक्सल भागिले ८.७५ म्हणजे इंचाला ३४२. ‘७२ डीपीआय’चा हा फोटो पानभर छापूनही पुरून उरतो.

पण लेखकाला हे माहीत नसतं. तो फोटोशॉपमध्ये Image Size उघडतो, ७२ पुसून ३०० लिहितो, आणि Resample ची खूण तशीच राहते. संगणक आज्ञाधारक. तो शेजारच्या पिक्सलांचा अंदाज बांधून नवे पिक्सल रचतो आणि फाइल रुंदी-उंचीत चौपटीहून जास्त फुगवतो. तपशील तेवढाच राहतो, फक्त सूत मऊ होऊन पुसट दिसू लागतं. Resample ची खूण काढून आकडा बदलला असता तर एकाही पिक्सलला धक्का लागला नसता. पण मग आकडा बदलायची तरी काय गरज होती?

मुळात ही तीनशेची अट आली कुठून? ऑफसेटमध्ये फोटो ठिपक्यांनी छापला जातो आणि ठिपक्यांच्या ओळी किती दाट, ते कागदावर ठरतं. चांगल्या आर्टपेपरवर इंचाला साधारण १५० ओळी, मॅपलिथोवर त्याहून कमी, वर्तमानपत्री कागदावर ८५ ते १०० च्या आसपास. ओळींच्या दीडपट ते दुप्पट पिक्सल असले की छपाई स्वच्छ येते. दीडशेची दुप्पट तीनशे. म्हणजे तीनशे ही आर्टपेपरसाठीची ऐसपैस मर्यादा झाली, २२५ ला हातपाय गाळण्याचं कारण नाही. हाच शेताचा फोटो आडवा काढलेला असेल आणि दोन पानांवर मिळून पसरवायचा असेल तर ४००० पिक्सल सव्वासतरा इंचांत बसतात. इंचाला २३२. छापा. पण तीनशेच्या अटीवर बोट ठेवणारा ऑपरेटर हा फोटो परत पाठवतो.

आता खरा धोका. लेखकाने तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवला तर तिथे तो आक्रसून लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सल उरतात. १२०० बाय १६०० चा फोटो पानभर ताणला की इंचाला १३७ पिक्सल. दीडशे ओळींच्या छपाईत एका ठिपक्याला धड एक पिक्सलही आला नाही. पडद्यावर तो छान दिसतो, कारण मोबाइलच्या पडद्याला तेवढं पुरतं. छापून आल्यावर बोंडांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि आभाळात चौकोन उमटतात. ओळखायची सोपी खूण आहे : अँड्रॉइडवरच्या फाइलच्या नावात WA दिसतो, IMG-20240815-WA0003.jpg असा. मात्र लेखाच्या डोक्यावर दोन इंची लेखकाचा फोटो जायचा असेल तर हाच व्हॉट्सअॅपचा फोटो उत्तम चालतो, तिथे ६०० पिक्सल पुरे. म्हणून आकाराविना आकडा मागण्यात अर्थ नाही. संपादकाने आधी सांगायला हवं : कव्हर आणि पानभर फोटोला लहान बाजू किमान २६०० पिक्सल, अर्ध्या पानाला त्याच्या निम्मी ते पाऊण, चौकटीतल्या चेहऱ्याला ६००.

दुसरी मागणी सीएमवायकेची. ही जास्त नुकसान करते.

मोबाइल आणि पडदा रंग दाखवतात प्रकाशाने : लाल, हिरवा, निळा, म्हणजे आरजीबी. कागदावर असतात चार शाया : सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. चार शायांत न बसणारे कित्येक रंग पडद्यावर दिसतात, आणि त्यात झळाळता निळा पहिला. पडद्यावरचा शुद्ध निळा फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकी सेटिंगमधून बदलला तर साधारण ८८ टक्के सायन आणि ७७ टक्के मॅजेंटा येतो. एवढा मॅजेंटा सायनच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला की कागदावर निळ्याचं जांभळं होतं. डेनिमची नीळ मुळात मवाळ असते. ताणा निळीत रंगवलेला, बाणा पांढरा, त्यामुळे कापडाचा खरा रंग शायांच्या आवाक्यात असतो. पण मोबाइल तो भडक करून दाखवतो आणि मग लोहाऱ्याची जीन्स छापून येते वांग्याच्या रंगाची. उपाय साधा आहे. निळ्या भागात मॅजेंटा सायनपेक्षा तीसेक टक्क्यांनी मागे ठेवायचा. पण हे करायचं कुणी? ज्याला कागद माहीत आहे त्याने.

लेखकाला कागद माहीत नसतो. त्याने CMYK निवडलं की फोटोशॉप जे पहिलं सेटिंग मिळेल ते लावतं, बऱ्याचदा U.S. Web Coated (SWOP) v2. त्यात चारही शायांची बेरीज ३०० टक्क्यांपर्यंत जाते. आर्टपेपर ती सोसतो. पण अंकाचं बजेट आवळलं आणि तोच फोटो मॅपलिथोवर गेला तर कागद शाई पितो, ठिपका पसरतो, डेनिमच्या घड्यांमधला अंधार एकसंध काळा होतो, ओल्या पानाची शाई वरच्या पानाच्या पाठीला लागते. अशी फाइल पुन्हा मॅपलिथोसाठी बदलता येते, पण एकदा गेलेला निळा परत येत नाही. आरजीबी मूळ हातात असतं तर त्याच फोटोच्या दोन कागदांसाठी दोन वेगळ्या फाइली दहा मिनिटांत झाल्या असत्या.

कापसाच्या फोटोचा प्रश्न उलट आहे. दुपारच्या उन्हात बोंडाचा पांढरा इतका जळतो की फाइलमध्ये तिथे काहीच उरत नाही. छपाईत त्या जागी एकही ठिपका पडत नाही, नुसता कागद दिसतो आणि बोंडाच्या जागी भोक पडल्यासारखं वाटतं. रंगांची कोणतीच सेटिंग हे भरून काढत नाहीत. अशा वेळी संपादकाने फोटो सकाळच्या उन्हात पुन्हा काढायला सांगावं, आणि ते मुदतीच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही.

डेनिमची आणखी एक खोड आहे. कापडाची तिरकी वीण म्हणजे बारीक समांतर रेघा, आणि छपाईचे ठिपकेही ओळींत, काळे ४५ अंशांत, बाकीचे आपापल्या कोनांत. दोन बारीक जाळ्या एकमेकींवर पडल्या की लाटालाटांचे पट्टे उमटतात. छपाईवाले त्याला मोआरे म्हणतात. पडद्यावर असे पट्टे दिसले तर फोटो शंभर टक्के झूमवर पाहा. तिथे नाहीसे झाले तर तो पडद्याचा खेळ. राहिले तर ते फोटोतच आहेत, जवळ जाऊन किंवा कोन बदलून पुन्हा काढायला हवा. शायांच्या ठिपक्यांतून उमटणारे पट्टे मात्र पडद्यावर कळतच नाहीत. त्यावर खात्रीचा उपाय एकच : वीण मोठी दिसेल इतक्या जवळून फोटो घ्यावा. इथे तीनशेचा आकडा पुरा भरूनही काही साधत नाही.

हे सगळं कुणाचं काम हे मराठी नियतकालिकांना एकेकाळी नीट ठाऊक होतं. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून दिवाळी अंकांची परंपरा धरतात. ब्लॉकच्या त्या काळात लेखक छापील फोटो पाकिटात घालून पाठवायचा. कागद पाहून जाळी ठरवायचा तो ब्लॉकमेकर : वर्तमानपत्री कागदाला ६५ ओळींची, आर्टपेपरला १२० किंवा १३३ ओळींची. जाळीचा आकडा लेखकाला कुणी विचारला नाही. ब्लॉकमेकर गेला आणि त्याचं काम मेलच्या एका ओळीत कोंबून आपण लेखकाच्या गळ्यात टाकलं.

ते काम मांडणीकाराकडे परत जावं. त्याच्या इनडिझाइनमध्ये Links च्या खिडकीत Effective PPI नावाचा आकडा असतो, फोटो पानावर ज्या मापाचा बसवला त्या मापाला इंचाला किती पिक्सल पडले ते सांगणारा. प्रेसला फाइल देण्याआधी हा एक आकडा प्रत्येक फोटोचा पाहिला की निम्मे घोटाळे तिथेच थांबतात. रंगांचं रूपांतर प्रेसने दिलेल्या प्रोफाइलने, कागद नक्की झाल्यावर, एकदाच.

आणि लेखकांना जाणारा मेल असा असावा :

कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून निघालेली मूळ फाइल पाठवा. तिचा आकार, रंग, डीपीआय काहीही बदलू नका. जेपेग चालेल, आरजीबीच हवी. पानभर फोटोची लहान बाजू किमान २६०० पिक्सल असावी. मोजमाप फोटोच्या तपशिलात दिसतं. व्हॉट्सअॅपने पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मेलला २५ एमबीची मर्यादा असते, मोठ्या फाइलींसाठी ड्राइव्हची लिंक द्या. फोटो कापू नका, कापायचा कसा ते आम्ही ठरवू. मुदतीच्या पंधरा दिवस आधी पाठवलात तर पुन्हा काढायला वेळ राहील.

यात टिफ नाही, सीएमवायके नाही, तीनशेही नाही. हा मेल पाठवणाऱ्या संपादकाला मात्र एक अट पाळावी लागेल : पाठवण्याआधी त्याने आपला कागद आणि फोटोची पानं ठरवलेली असली पाहिजेत.